घरचा राउटर, दूरवरून

साताऱ्याच्या घरी आईवडील, मुलगी पुण्यात. घरातल्या वायफायचा पासवर्ड बदलायचा आहे, पण राउटरचं सेटिंगचं पान `192.168.1.1` या पत्त्यावर घरात बसूनच उघडतं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये हाच पत्ता टाकला, तर फ्लॅटचाच राउटर समोर येतो. `192.168` ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. एकच पत्ता लाखो घरांत असू शकतो आणि इंटरनेटवर त्याला काही अर्थ नसतो.

राउटरमध्ये ‘रिमोट मॅनेजमेंट’ची सोय असते, पण ती सुरू करू नये असं मी म्हणेन. लॉगिनचं पान साऱ्या जगासमोर उघडं पडतं, आणि घरगुती राउटरचं सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं कुणी अद्ययावत करत नाही. त्यापेक्षा घरात कायम चालू राहणारा एक छोटा संगणक ठेवावा. रास्पबेरी पाय त्याला पुरतो. समजा घरात त्याचा पत्ता `192.168.1.50` आहे आणि त्यावर एसएसएच सेवा चालू आहे. राउटरमध्ये एकदाच पोर्ट फॉरवर्डिंग करायचं: बाहेरून 22022 क्रमांकाच्या पोर्टवर येणारी जोडणी पायच्या 22 क्रमांकाच्या पोर्टकडे वळवायची. पायवर पासवर्डने लॉगिन बंद ठेवून फक्त किल्लीच्या फाइलने प्रवेश द्यायचा. घराचा बाहेरचा पत्ता अधूनमधून बदलतो, म्हणून डायनॅमिक डीएनएसचं एखादं नाव घ्यायचं. मग पुण्याच्या लॅपटॉपवर एवढंच टाइप करायचं:

```
ssh -N -D 1080 -p 22022 pi@ghar.example.net
```

खरं काम `-D 1080` करतं. त्यामुळे लॅपटॉपवरच 1080 या पोर्टवर एक सॉक्स प्रॉक्सी उभा राहतो. `-N` म्हणजे पलीकडे कुठलीही आज्ञा चालवायची नाही, नुसती वाट उघडी ठेवायची. सगळं नीट झालं की टर्मिनल गप्प बसतं. काही अडकलं असं वाटून खिडकी बंद करू नका, वाटही बंद होईल.

फायरफॉक्सच्या Network Settings मध्ये Manual proxy configuration निवडून SOCKS Host पुढे `127.0.0.1`, पोर्ट 1080 आणि SOCKS v5 भरायचं. आता ब्राउझर `192.168.1.1` स्वतः शोधायला जात नाही. ‘या पत्त्याशी जोडून दे’ एवढं तो प्रॉक्सीला सांगतो, तो निरोप एसएसएचच्या कूटबद्ध वाटेने साताऱ्याला पोहोचतो आणि राउटरशी जोडणी पाय करतो. पत्त्याचा अर्थ साताऱ्यात लागतो, म्हणून दोन्ही घरांत एकच पत्ता असला तरी गोंधळ होत नाही. राउटरला वाटतं, घरातल्याच `192.168.1.50` वरून कुणीतरी आलंय. रिमोट मॅनेजमेंट बंद असूनही पान उघडतं ते यामुळेच.

वाट खरंच घरची आहे का, हे पाहायला ‘माझा आयपी’ दाखवणारं एखादं संकेतस्थळ त्याच ब्राउझरमध्ये उघडावं. साताऱ्याचा पत्ता दिसला पाहिजे. `ping` करून मात्र खात्री करू नये. या प्रॉक्सीतून `ping` जातच नाही, त्यामुळे उत्तर पुण्याच्या राउटरकडून येतं आणि माणूस फसतो. “The proxy server is refusing connections” असं दिसलं तर बोगदा बंद आहे किंवा पोर्टचा आकडा चुकलाय. टर्मिनलवर “administratively prohibited” आलं, तर पायवरच्या एसएसएचच्या सेटिंगमध्ये `AllowTcpForwarding` बंद असण्याची शक्यता मोठी.

बोगदा मुळात जुळलाच नाही, तर घरचं कनेक्शन तपासावं. आज अनेक कंपन्या पुष्कळ ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता `100.64` ते `100.127` यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही त्यातलेच, आणि मग पोर्ट फॉरवर्डिंगचा उपयोग नाही. अशा वेळी भाड्याने घेतलेल्या एखाद्या सर्व्हरकडे पायनेच `ssh -R` ने जोडणी करून ठेवायची आणि आपण त्या सर्व्हरमार्गे पायवर उतरायचं. खर्च आणि खटपट वाढते, पण काम होतं.

पान उघडलं की हात जरा आवरावा. आपण आलो ती वाट याच राउटरमधून जाते. पोर्ट फॉरवर्डिंगचा नियम पुसला, किंवा पाय वायफायवर असताना वायफायचा पासवर्ड बदलला, की बसल्या फांदीवरच कुऱ्हाड. पासवर्ड बदलायचाच असेल, तर पाय आधीच तारेने राउटरला जोडलेला हवा. राउटर रीस्टार्ट केला तर बोगदा तुटणारच. तो परत चालू झाल्यावर, आणि बाहेरचा पत्ता बदलला असेल तर डायनॅमिक डीएनएसचं नाव नव्या पत्त्याशी जुळल्यावर, तीच आज्ञा पुन्हा द्यायची.

या सगळ्यासाठी फायरफॉक्सची वेगळी प्रोफाइल केलेली बरी. नाहीतर बातम्या, व्हिडिओ सगळंच साताऱ्यामार्गे येऊ लागतं, आणि घरच्या कनेक्शनचा अपलोडचा वेग कमी असेल तर ते रखडत येतं.