सॅनिटायझरला न जुमानणारा जंतू

इंग्लंडमधल्या बकिंगहॅमशायर परगण्यात स्टोक मँडविल नावाचं मोठं रुग्णालय आहे. 2003 ते 2005 या काळात तिथे जुलाबाच्या दोन साथी आल्या. 334 रुग्णांना लागण झाली आणि त्यांपैकी किमान 33 जण त्या आजाराने दगावले. यातले बहुतेक म्हातारे होते आणि दुसऱ्याच कुठल्या तरी दुखण्यासाठी भरती झाले होते. जुलाब त्यांना रुग्णालयात लागले. या साथींमागचा जंतू होता क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसील, थोडक्यात सी. डिफ.

हा जंतू पोटात गेला म्हणून लगेच आजार होतो असं नाही. आपल्या मोठ्या आतड्यात असंख्य निरुपद्रवी जंतू नांदत असतात. यकृतातून आलेल्या पित्तक्षारांचं ते अशा रूपात रूपांतर करतात, की त्यात सी. डिफला वाढता येत नाही. न्यूमोनियासाठी किंवा लघवीच्या संसर्गासाठी अँटिबायोटिक दिलं की मूळ संसर्गाबरोबर हे राखणदारही मरतात. मग पित्तक्षार बदलले जात नाहीत, आणि त्या मूळ रूपातले क्षार तर सी. डिफच्या बीजाणूंना रुजायला मदतच करतात. रुजलेले जंतू विष सोडतात, आतड्याचं अस्तर सुजतं आणि आजार बळावला तर त्यावर पिवळसर चट्टे दिसतात. ताप, पोटात कळा आणि दिवसभर पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. क्लिंडामायसिन, सेफॅलोस्पोरिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातली औषधं यात विशेष बदनाम आहेत. गोळ्या संपल्यावर काही आठवड्यांनीही हा त्रास सुरू होऊ शकतो, म्हणून पुष्कळदा त्याचा संबंध औषधाशी कुणी जोडत नाही.

खरी पंचाईत पुढे आहे. या जंतूला प्राणवायू सोसत नाही, त्यामुळे शरीराबाहेर तो तग धरतो तो बीजाणूच्या रूपात. बीजाणूच्या आत पाणी अगदी कमी असतं आणि बाहेर प्रथिनांची जाड कवचं असतात. कॉटचा कठडा, कमोडची बैठक, बेडपॅन, दाराची मूठ, फरशी अशा ठिकाणी तो महिनोन्‌महिने जिवंत राहतो. जुलाबाचा रुग्ण घरी गेला, चादर बदलली, कॉट पुसली आणि दुसरा रुग्ण आला, तरी पहिल्याचे बीजाणू तिथेच असू शकतात.

अल्कोहोल जंतूंचं पातळ आवरण विरघळवतं आणि आतली प्रथिनं गोठवतं. बीजाणूच्या कवचापुढे त्याचं काही चालत नाही. किती चालत नाही, हे प्रयोगशाळेतल्या एका नेहमीच्या रीतीवरून कळतं. रुग्णाच्या शौचाच्या नमुन्यातून सी. डिफ वेगळा काढायचा असेल, तर तो नमुना मुद्दाम अल्कोहोलमध्ये सुमारे तासभर ठेवतात. बाकीचे जंतू मरतात, सी. डिफचे बीजाणू उरतात आणि मग ते वाढवता येतात. जे तासाभरात मरत नाहीत, ते हातावर अर्धा मिनिट सॅनिटायझर चोळून कसे मरणार? 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्वयंसेवकांच्या हाताला निर्विष बीजाणू लावले आणि सॅनिटायझर वापरायला दिलं. त्यानंतर नुसत्या हस्तांदोलनातून हातावर उरलेल्या बीजाणूंपैकी सुमारे 30 टक्के समोरच्याच्या हातावर गेले.

साबणानेही बीजाणू मरत नाहीत, हे लक्षात घ्यायला हवं. चोळल्यामुळे ते सुटतात आणि वाहत्या पाण्याबरोबर जातात, एवढंच. म्हणून नळाखाली नीट 40 ते 60 सेकंद हात धुवावे लागतात, आणि त्याआधी रुग्णाला हात लावताना हातमोजे घालणं त्याहून महत्त्वाचं. मोजे काढल्यावरही हात धुवायचे. फरशी आणि कॉटसाठी साधं फिनेल पुरत नाही, क्लोरीनचं द्रावण लागतं. तेही आधी घाण पुसून मगच लावायचं आणि ठरलेला वेळ ओलं राहू द्यायचं, कारण घाणीत क्लोरीनचा जोर संपतो. इतर बहुतेक जंतूंसाठी सॅनिटायझर उत्तमच आहे, ते वॉर्डातून हद्दपार करायची गरज नाही.

स्टोक मँडविलमध्ये चुकलं ते मुख्यतः वेगळं ठेवण्यात. चौकशी अहवालात व्यवस्थापनावर स्पष्ट ठपका आहे: सरकारी उद्दिष्टं गाठण्याच्या नादात लागण झालेल्या रुग्णांना वेळेवर स्वतंत्र खोल्यांत हलवलं गेलं नाही. पुढे इंग्लंडमध्ये स्वच्छतेबरोबर अँटिबायोटिकच्या वापरावरही लगाम आला आणि रुग्णसंख्या झपाट्याने खाली आली. माझ्या मते दुसरा उपाय अधिक मोलाचा, कारण राखणदार शाबूत असले तर पोटात गेलेला बीजाणू बहुधा काही करू शकत नाही.

आपल्याकडे रुग्णाजवळ थांबणारा नातेवाईकच बेडपॅन देतो आणि त्याच हाताने जेवण भरवतो. अँटिबायोटिक घेतलेल्या माणसाला दिवसात तीनदा किंवा जास्त वेळा पातळ शौचाला झालं, तर जुलाब थांबवणारी गोळी परस्पर देऊ नका. कोणतं अँटिबायोटिक कधी घेतलं ते डॉक्टरांना सांगा, आणि तोवर प्रत्येक वेळी साबणाने, वाहत्या पाण्याखाली हात धुवा.