शॉटपर्यंत न पोहोचलेल्या पासची किंमत कशी काढतात?

फुटबॉलच्या एका मॅचमध्ये दोन्ही टीम मिळून साधारण हजारभर पास देतात आणि शॉट होतात पंचवीसच्या आसपास. एक्स्पेक्टेड गोल्स हे माप फक्त त्या शॉट्सबद्दल बोलतं. मग ज्या मिडफिल्डरने दोन डिफेंडरच्या मधून सुंदर पास काढला, पण पुढच्या खेळाडूने बॉल गमावला, त्याच्या खात्यात काय जमा होतं? शॉटच झाला नाही, म्हणजे शून्य. हे बरोबर नाही, हे मॅच बघणाऱ्या कुणालाही कळतं. प्रश्न आहे तो आकड्यात कसं मांडायचं हा.

पहिला सरळ उपाय म्हणजे 'प्रोग्रेसिव्ह पास' मोजणं. बॉल गोलच्या दिशेने पुरेसा पुढे नेणारा पास तो प्रोग्रेसिव्ह. 'पुरेसा' म्हणजे किती, हे डेटा देणाऱ्यांनी आपापलं ठरवलंय. वायस्काउटच्या व्याख्येत पास आपल्याच हाफमध्ये सुरू होऊन तिथेच संपला तर बॉल गोलच्या किमान ३० मीटर जवळ जायला हवा, हाफ ओलांडला तर १५ मीटर आणि प्रतिस्पर्ध्याच्या हाफमध्येच असला तर १० मीटर. म्हणून दोन वेगळ्या साइटवरचे प्रोग्रेसिव्ह पासचे आकडे एकाच तक्त्यात कधीही टाकू नका.

पण खरी अडचण व्याख्येची नाही. हे माप फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणतं. आपल्या बॉक्ससमोरून मैदानाच्या मध्यापर्यंत गेलेला पास आणि मध्यापुढून गोलच्या तोंडाशी गेलेला पास, दोघांनाही एकच गुण.

इथे एक्स्पेक्टेड थ्रेट, म्हणजे एक्सटी, कामाला येतं. सेरा रड यांनी २०११ मध्ये फुटबॉलच्या चालींना मार्कोव्ह साखळी म्हणून मांडलं होतं. करुण सिंग यांच्या ब्लॉगमुळे त्याच धाटणीची कल्पना एक्सटी या नावाने सगळीकडे पोहोचली. त्यांनी मैदानाचे १६ × १२, म्हणजे १९२ चौकोन केले आणि विचारलं: बॉल या चौकोनात आपल्या पायाशी असेल, तर पुढच्या काही चालींत गोल होण्याची शक्यता किती?

आपण १९२ ऐवजी तीनच पट्ट्या घेऊ: मागची, मधली आणि पुढची. खालचे आकडे समजण्यासाठी मी मनाने घेतलेत. प्रत्येक पट्टीत खेळाडू दोनपैकी एक गोष्ट करतो, शॉट मारतो किंवा बॉल हलवतो. मागच्या पट्टीतून शॉट नाहीच. मधल्या पट्टीत ५ टक्के वेळा शॉट, त्यातले ४ टक्के गोल. पुढच्या पट्टीत ३० टक्के वेळा शॉट, त्यातले १५ टक्के गोल. बॉल हलवला तर तो कोणत्या पट्टीत जातो, ते `T` मध्ये आहे. `T` च्या ओळींची बेरीज १ येत नाही, कारण उरलेला भाग म्हणजे गमावलेला बॉल.

```python
import numpy as np
s = np.array([0, 0.05, 0.30])   # shot
g = np.array([0, 0.04, 0.15])   # goal, if shot
T = np.array([[0.5, 0.3,  0],
              [0.2, 0.4,  0.15],
              [0,   0.25, 0.25]])
x = np.zeros(3)
for _ in range(50):
    x = s*g + (1-s)*(T @ x)
print(x.round(4))   # [0.0123 0.0205 0.0589]
```

लूपमध्ये काय होतंय ते नीट बघा. सुरुवातीला सगळ्या किमती शून्य. पहिल्या फेरीत फक्त थेट शॉटची किंमत येते: मधल्या पट्टीला ०.००२, पुढच्या पट्टीला ०.०४५ आणि मागच्या पट्टीला शून्यच. दुसऱ्या फेरीत मधल्या पट्टीला कळतं की आपल्याकडून पुढच्या पट्टीत जाता येतं आणि तिची किंमत ०.००९ पर्यंत चढते. म्हणजे पाचवी फेरी सांगते 'पाच चालींच्या आत गोल होण्याची शक्यता'. गोलजवळची किंमत अशी एकेक पायरी मागे झिरपत जाते आणि काही फेऱ्यांनी आकडे स्थिर होतात.

आता पासची किंमत म्हणजे पोहोचला तिथली किंमत वजा निघाला तिथली किंमत. मागून मध्ये: ०.०२०५ − ०.०१२३ = ०.००८२. मधून पुढे: ०.०५८९ − ०.०२०५ = ०.०३८४. दोन्ही प्रोग्रेसिव्ह, पण दुसरा पहिल्याच्या साडेचारपटीहून मोलाचा. आणि त्यानंतर शॉट झाला की नाही, याने या किमतीत काहीच फरक पडत नाही. आपल्याला हवं होतं ते हेच.

इथपर्यंत छान. पण खेळाडूंची यादी लावायला घेतली की एक सापळा येतो. एक्सटी बहुतेक वेळा फक्त यशस्वी चालींवर मोजतात. समजा, एका खेळाडूने मधून पुढे पाच पास दिले, दोन पोहोचले, तीन गेले. त्याचे गुण: २ × ०.०३८४ = ०.०७६८. दुसऱ्याने मागून मध्ये पाच दिले, पाचही पोहोचले: ०.०४१. यादीत पहिला जवळजवळ दुप्पट वर. आता गमावलेल्या प्रत्येक बॉलमागे निघाल्या जागेची किंमत वजा करा: ०.०७६८ − ३ × ०.०२०५ = ०.०१५३. क्रम उलटला! डेटा तोच, मैदान तेच. बदलला तो फक्त 'चुकलेल्या पासचं काय करायचं' हा निर्णय. त्यामुळे कुठलीही एक्सटी यादी वाचताना आधी हा निर्णय शोधा आणि स्वतः लिहिताना तो पहिल्या परिच्छेदात सांगा. वजाबाकी करूनही हिशोब अपुराच राहतो, कारण गमावलेल्या बॉलवर समोरच्याला मिळालेली संधी यात नाही. ती बाजू व्हीएईपी नावाच्या पद्धतीत धरलेली असते.

दुसरी मर्यादा अशी की एक्सटीला फक्त जागा दिसते. समोर एक डिफेंडर होता की सहा, हे त्याला माहीत नाही. प्रेस अंगावर ओढून घ्यायला मुद्दाम दिलेला मागचा पास त्याच्या लेखी तोटाच. बॉलशिवाय धावून जागा मोकळी करणारा फॉरवर्ड तर दिसतच नाही. यासाठी सगळ्या खेळाडूंच्या जागा सांगणारा ट्रॅकिंग डेटा लागतो.

स्वतः करून बघायचं असेल तर स्टॅट्सबॉम्बचा मोफत डेटा घ्या. त्यात इंडियन सुपर लीगचा २०२१-२२ चा सीझनही आहे, जो पूर्णच्या पूर्ण गोव्यात खेळला गेला. दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, `pass_outcome` हा कॉलम यशस्वी पाससाठी रिकामा असतो. सवयीने `dropna()` केलं तर हातात फक्त चुकलेले पास उरतात. दोन, प्रत्येक टीमचा हल्ला आधीच डावीकडून उजवीकडे मांडलेला असतो. दुसऱ्या हाफसाठी तुम्ही तो पुन्हा उलटवलात तर अर्धे शॉट आपल्याच गोलसमोर येतात.

म्हणून किमती काढल्या की आधी मैदानाचा नकाशा रंगवा. गोलकडे जाताना रंग गडद होत गेला पाहिजे. एखादा कोपऱ्यातला चौकोन मध्येच उठून दिसला, तर त्या चौकोनात किती चाली आहेत ते मोजा. तिथे दोन-चारच शॉट असतील आणि त्यातला एक आत गेला असेल, तर ती किंमत त्या एका गोलची आहे, जागेची नाही. अशा वेळी चौकोन मोठे करा किंवा मॅचेस वाढवा, आणि मगच खेळाडूंच्या नावांकडे वळा.