काळ्या पाषाणाखाली दडलेला थर

कोयनेच्या परिसरात संशोधनासाठी खोल विंधणी घेतली, तेव्हा बेसॉल्टची, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाची जाडी सुमारे 930 मीटर भरली आणि त्याखाली प्राचीन ग्रॅनाइटी खडक लागला. किल्लारीला 1993च्या भूकंपानंतर घेतलेल्या विंधणीत हीच जाडी 338 मीटर निघाली. पण विंधणी एकाच जागेचं उत्तर देते. मधल्या शेकडो किलोमीटरांखाली काय आहे, हे लहरींकडूनच काढून घ्यावं लागतं. एका टोकाला लहान भोकात सुरुंग उडवतात, पुढे सरळ रेषेत जिओफोन मांडतात आणि पहिली थरथर प्रत्येकापर्यंत किती वेळात पोचली ते मोजतात.

लहर एका खडकातून दुसऱ्यात तिरकी शिरताना वळते, कारण तिची एक बाजू आधी पलीकडे पोचते आणि नव्या वेगाने पळू लागते. हे वळण स्नेलच्या नियमाने बांधलेलं असतं. सीमेवर काटकोनात लंबरेषा काढायची, लहरीचा मार्ग तिच्याशी करतो तो कोन घ्यायचा आणि त्या कोनाच्या साइनला खडकातल्या वेगाने भागायचं. थर आडवे असतील तर हा भागाकार एका किरणासाठी प्रत्येक थरात तोच राहतो.

आता एक किरण खाली सोडून पाहू. हिशेबासाठी बेसॉल्टमधला वेग सेकंदाला 5 किलोमीटर, ग्रॅनाइटमधला 6 आणि त्याहून खूप खाली, प्रावरणातला 8 धरू. बेसॉल्टमध्ये किरण लंबरेषेशी 30 अंश करतो. 30 अंशांचा साइन 0.5, भागिले 5, म्हणजे 0.1. हा आकडा या किरणाची कायमची ओळख. ग्रॅनाइटमध्ये 0.1 गुणिले 6, म्हणजे साइन 0.6 आणि कोन सुमारे 37 अंश. प्रावरणात साइन 0.8, कोन 53 अंश. वेग वाढत जाईल तसा किरण आडवा होत जातो.

सुरुवातीचा कोनच मोठा घेतला तर? 56.4 अंशांना ग्रॅनाइटमधला साइन बरोबर 1 होतो, म्हणजे कोन 90 अंश. लहर सीमेलगत, ग्रॅनाइटच्या 6 किलोमीटर वेगाने धावते आणि धावता धावता त्याच 56.4 अंशांनी वर ऊर्जा पाठवत राहते. सुरुंगाजवळच्या जिओफोनवर बेसॉल्टमधून सरळ आलेली लहर आधी पोचते. कोयनेची 930 मीटर जाडी या हिशेबात घातली तर सुमारे 6.2 किलोमीटरपुढे मात्र लांबचा वळसा घेऊन आलेली ग्रॅनाइटची लहर तिला मागे टाकते. वेळ आणि अंतराच्या आलेखावरची रेषा जिथे मोडते, त्या जागेवरून सीमेची खोली निघते. अख्ख्या पद्धतीत मला सर्वांत सुंदर वाटते ती हीच जागा.

पण या सगळ्याच्या मुळाशी एक अट आहे: खालचा खडक वरच्यापेक्षा वेगवान हवा. दख्खनच्या पठाराच्या काही भागांत, सौराष्ट्रात आणि नर्मदा-तापीच्या पट्ट्यात ती मोडते. तिथे लाव्हा जुन्या गाळावर पसरला आणि तो गाळाचा खडक बेसॉल्टपेक्षा मंद आहे. त्यातला वेग 4 धरला, तर आपल्या 30 अंशांच्या किरणाचा साइन तिथे 0.4 होतो आणि कोन उतरतो 24 अंशांच्या खाली. किरण आडवा व्हायचा तो उलट अधिक उभा होतो. तो गाळाच्या माथ्यालगत कधीच धावत नाही, म्हणून आलेखावर या थराची स्वतःची रेषाच उमटत नाही.

एवढ्यावर भागत नाही, कारण खोलीही चुकते. समजा, 1 किलोमीटर बेसॉल्ट आणि त्याखाली 1 किलोमीटर गाळ आहे. ग्रॅनाइटच्या लहरीला या दोन थरांतून जाऊन येताना सुमारे 0.59 सेकंदाचा जादा वेळ लागतो. गाळ असल्याचं माहीत नसणारा अभ्यासक तो सगळा वेळ बेसॉल्टच्याच नावे मांडतो. मग ग्रॅनाइट 2 किलोमीटरवर असूनही त्याच्या गणितात तो जवळपास 2.7 किलोमीटरवर जातो आणि बेसॉल्ट खरा आहे त्याच्या अडीचपटीहून जाड दिसतो. तेलाच्या शोधात गाळाचाच खडक हवा असतो, आणि नेमका तोच नकाशातून गायब!

तरीही खुणा राहतात. पातळ बेसॉल्टमधून धावणारी लहर काही अंतरानंतर एकाएकी क्षीण होते, आणि ग्रॅनाइटची लहर तिच्याच रेषेला जोडून न येता उशिराने, वेगळ्या पायरीवर सुरू होते. अशी तुटलेली पायरी दिसली की मध्ये मंद थर असल्याचा संशय धरावा. मग दूरच्या जिओफोनांवर बेसॉल्टच्या तळावरून आणि ग्रॅनाइटच्या माथ्यावरून परतलेले प्रतिध्वनी शोधतात. दोन्ही ओळखता आले, तर मधल्या थराची जाडी आणि वेग यांचा मेळ बसवता येतो. थर अगदी पातळ असेल तर मात्र हेही साधत नाही. किल्लारीच्या विंधणीत बेसॉल्टखाली गाळाचा थर लागला होता, पण तो अवघ्या काही मीटरांचा.