पावणेतीनची गोष्ट आणि मानेखालची उशी

निद्रानाशाच्या एका रात्रीची छोटी गोष्ट सांगून ऑर्थोपेडिक उशी विकणारी जाहिरात वर्तमानपत्राच्या पुरवणीत, मासिकात आणि हल्ली मोबाइलवर सर्रास दिसते. तिच्यात सुरुवातीला उशीचे नावही नसते. एक माणूस असतो, रात्र असते आणि न लागणारी झोप असते. माल बहुधा गोष्ट अर्ध्यावर आल्यानंतर येतो, कारण तोवर वाचक जाहिरात वाचत नसतो, गोष्ट वाचत असतो.

हा प्रकार नवा नाही. अमेरिकेत जॉन केपल्स या जाहिरात-लेखकाने १९२६च्या सुमारास पत्राद्वारे संगीत शिकवणाऱ्या संस्थेसाठी लिहिलेली जाहिरात त्याचा नमुना मानली जाते. एक तरुण पियानोवर बसतो, मंडळी हसतात, तो वाजवू लागतो आणि सगळे थक्क होतात. झोपेच्या बाबतीत याहून जवळचे उदाहरण हॉर्लिक्सचे आहे. १९३०च्या दशकात ब्रिटनमध्ये जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरातसंस्थेने त्यासाठी चित्रमालिका छापल्या. रात्रभर झोपूनही थकलेला माणूस, त्याची कामातली पीछेहाट, मग डॉक्टरचा सल्ला, झोपण्यापूर्वी एक पेला हॉर्लिक्स आणि शेवटी बढती, असा त्यांचा साचा होता. थकव्याचे कारण म्हणून सांगितलेली ‘रात्रीची उपासमार’ हा वैद्यकाला ठाऊक असलेला आजार नव्हता. तो जाहिरातीसाठी घडवला होता. आधी दुखण्याला नाव द्यायचे आणि मग त्याच नावाचे औषध पुढे करायचे, ही युक्ती उशीच्या जाहिरातीत आजही तशीच वापरली जाते.

अशी जाहिरात कशी रचली जाते हे कळण्यासाठी या लेखापुरता तयार केलेला एक नमुना पाहू. “पावणेतीन वाजले होते. वंदनाने पुन्हा कूस बदलली. उशी दुमडून पाहिली, मग काढून टाकली, मग परत घेतली. शेजारी नवरा घोरत होता. सकाळी सात बाराची लोकल पकडायची होती, आणि मान डावीकडे वळत नव्हती.” लेखकाने ‘मध्यरात्र’ असे लिहिले नाही, कारण नेमकी वेळ खरी वाटते. डोंबिवलीच्या वाचकाला लोकल आपली वाटते. उशी दुमडणे ही या परिच्छेदातली सर्वांत कामाची हालचाल आहे. ती प्रत्येकाने कधी ना कधी केलेली असते आणि तिच्यामुळे उशीचे नाव न घेता संशय उशीकडे वळतो.

पुढचा परिच्छेद फसलेल्या उपायांचा असतो. “तेल चोळून झालं, मिठाची पुरचुंडी शेकून झाली, मेडिकलमधून आणलेली गोळीही झाली.” वाचकाला ही तक्रार वाटते, पण येथे प्रत्येक प्रतिस्पर्धी एकेका शब्दात बाद होत असतो. मग सल्लागार येतो. नोंदणीकृत डॉक्टरांना एखाद्या उत्पादनाची जाहीर शिफारस करायला व्यवसायाच्या आचारनियमांची मनाई आहे. त्यामुळे गोष्टीत मैत्रीण, शेजारीण किंवा फिजिओथेरपी शिकलेली नणंद सोयीची पडते. ती विचारते, “वहिनी, तुझी उशी किती वर्षांची आहे गं?” उत्तर येते, “लग्नातली!” वाचक हसतो आणि मनातल्या मनात आपल्या उशीचे वय मोजतो. येथवर गोष्ट चांगली आहे आणि खोटीही नाही. सावरीच्या कापसाची उशी काही वर्षांनी दबते, तिच्यात गोळे होतात आणि डोके एका बाजूला कलते. ती पिंजून घेण्याची रीत शहरांत आता फारशी उरलेली नाही.

घोटाळा त्यापुढच्या एका वाक्यात होतो: “नवी उशी आली आणि आठवड्याभरात वंदनाची हरवलेली झोप परत आली.” सुरुवातीला मान दुखत होती, आता बरी झाली ती झोप. या दोन गोष्टी एकच आहेत असे कुणी म्हटले नाही, पण कथेने ते गृहीत धरले. झोप न लागण्याची कारणे पुष्कळ असतात. काळजी, उशिरा घेतलेला चहा, रात्रपाळी, थायरॉइड, काही औषधे आणि झोपेत श्वास अडखळण्याचा विकार ही त्यांतली काही. आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री, असा त्रास तीन महिने टिकला तर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. त्यावर पहिला उपाय म्हणून झोपेच्या सवयी आणि विचार बदलणारी वर्तनोपचार पद्धती सुचवली जाते. तिच्यात उशीला जागा नाही. म्हणून गोष्ट वाचताना एक प्रश्न विचारावा: वंदना दुखण्याने जागी झाली, की जागीच होती म्हणून तिला दुखणे जाणवले? पहिल्या प्रसंगी उशीचा संबंध असू शकतो. दुसऱ्यात तो फारसा नसतो. तिचा नवरा मोठ्याने घोरत असेल आणि मधेच श्वास थांबून दचकत असेल, तर या घरात डॉक्टरकडे जायची गरज वंदनापेक्षा त्याला आहे. जाहिरातीने त्याला नेपथ्यापुरते ठेवले आहे.

उशी काय करू शकते, हे समजणे अवघड नाही. मानेच्या मणक्यांना पुढच्या बाजूला हलका बाक असतो. झोपेत तो फार वाढू नये किंवा मोडू नये, आणि कुशीवर झोपल्यावर डोके पाठीच्या कण्याच्या रेषेत राहावे, एवढेच उशीचे काम असते. बाजारात ऑर्थोपेडिक म्हणून मिळणारी उशी बहुधा लाटेच्या आकाराची असते. तिची एक कड उंच, दुसरी ठेंगणी आणि मध्ये डोक्यासाठी खोलगट जागा असते. आत मेमरी फोम असतो. हा फोम १९६६मध्ये नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी विमानातल्या आसनांकरिता तयार झाला. जाहिरातीत मिरवली जाणारी ही माहिती खरी आहे, मात्र मानदुखीशी तिचा काही संबंध नाही. तो फोम उष्णतेने मऊ आणि थंडीने कडक होतो. त्यामुळे एकच उशी विदर्भाच्या मे महिन्यात आणि डिसेंबरच्या पहाटे वेगवेगळी वागते.

खरा निर्णय उंचीवर ठरतो आणि ती प्रत्येकाची वेगळी असते. कुशीवर झोपणाऱ्याने भिंतीला खांदा टेकवून, समोर पाहत सरळ उभे राहावे. डोक्याची बाजू आणि भिंत यांमधले अंतर दुसऱ्याने पट्टीने मोजावे. वंदनाचे ते १३ सेंटिमीटर भरले असे धरू. तिची गादी कापसाची, बरीच घट्ट. खांदा तिच्यात जेमतेम १ सेंटिमीटर रुतेल. म्हणजे डोक्याखाली सुमारे १२ सेंटिमीटर आधार हवा. जाहिरातीतल्या उशीची उंच कड मात्र ११ सेंटिमीटर आहे, तीही डोके न ठेवता मोजलेली. डोक्याच्या भाराने फोम २ ते ३ सेंटिमीटर दबला तर उरतात ८ किंवा ९. मान रात्रभर गादीकडे झुकलेली राहील आणि नव्या उशीवर दुखणे वाढलेच तर त्याचे नवल वाटायला नको. तीच वंदना मऊ फोमच्या गादीवर झोपत असती, खांदा ४ सेंटिमीटर रुतला असता, तर तिला ९ सेंटिमीटर पुरले असते आणि हीच उशी नेमकी बसली असती. उताणे झोपणाऱ्याला यापेक्षा कमी उंची लागते. पालथे झोपणाऱ्याला तर लाटेची उशी अडचणच करते. ‘सर्वांसाठी एकच उशी’ म्हणणारी जाहिरात म्हणून पहिल्या पायरीवरच चुकते.

मग उशी घेतल्यावर बरे वाटले असे सांगणारे ग्राहक खोटे बोलतात का? बहुतेक जण खरेच बोलत असतात. माणूस उशी विकत घेतो तो मान सर्वांत जास्त दुखत असते त्या आठवड्यात. साधी, नव्याने उद्भवलेली मानदुखी बहुधा काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप उतरते, आणि श्रेय त्या दरम्यान घरी आलेल्या वस्तूला मिळते. शिवाय गोळे झालेली उशी टाकून कुठलीही बरी उशी घेतली तरी काहींना फरक पडतो. मानदुखीसाठीच्या उशांवर झालेल्या चाचण्यांत काही लोकांचे दुखणे थोडे कमी झालेले दिसते, झोपेचे चित्र मात्र तितके स्पष्ट नाही. त्यामुळे प्रामाणिक जाहिरातीचा शेवट असा असू शकेल: “पहिल्या दोन-तीन रात्री उशी परकी वाटली. पंधरवड्याने सकाळी मान वळवताना कळ आली नाही.” गोष्ट थोडी फिकी पडते, पण तिच्यातला दावा उशीला पेलवतो.

दावा न पेलल्याचे एक गाजलेले प्रकरण अमेरिकेतले आहे. मायपिलो या कंपनीच्या जाहिरातींत उशीमुळे निद्रानाश, फायब्रोमायल्जिया अशा व्याधींत आराम पडतो असे सुचवले जात होते. त्यामागे पुरेसा शास्त्रीय आधार नाही, असा आक्षेप कॅलिफोर्नियातील सरकारी वकिलांनी घेतला आणि २०१६मध्ये कंपनीने सुमारे १० लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवले. भारतात ग्राहक संरक्षण कायदा २०१९नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. बातमीच्या वेषातली जाहिरात आणि ‘फक्त आजच’ म्हणत खोटी घाई करणारी घड्याळे, या दोन्ही गोष्टी २०२३च्या मार्गदर्शक सूचनांत ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या युक्त्या म्हणून नोंदल्या आहेत. उशीच्या गोष्टीखाली उलटी धावणारी घड्याळे अनेकदा असतात. दुसऱ्या दिवशी तेच पान उघडले तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून धावताना दिसते, आणि फसवणूक ओळखायला तेवढी खूण पुरते.

हाताला मुंग्या येत असतील, पकड सैल झाली असेल, पडल्यानंतर मान दुखू लागली असेल किंवा दुखण्याबरोबर ताप असेल, तर उशी शोधत बसू नये, डॉक्टरांकडे जावे. ज्यांना उशीच घ्यायची आहे त्यांनी विक्रेत्याला दोन गोष्टी विचाराव्यात: डोके ठेवल्यावर उंची किती उरते, आणि वेष्टन उघडून काही रात्री झोपल्यावरही उशी परत घेतली जाईल का. जाहिरातीत बरे करण्याचा दावा असेल तर तिचे कात्रण किंवा मोबाइलवरचे चित्र जपून ठेवावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करताना तोच पुरावा उपयोगी पडतो.