फोटोत गाडी चकाचक, पत्र्याला मात्र गंज! जुन्या गाडीच्या जाहिरातीत फसवणूक कशी ओळखाल?

दारावरचा पोचा मोबाइलच्या स्क्रीनवर बोटाने गोल करायचा आणि पुसायचे बटण दाबायचे. काही सेकंदांत दार नवेकोरे! गॅरेजमध्ये याच कामाला डेंटिंग-पेंटिंगचे हजारो रुपये मोजावे लागतात. जुनी गाडी विकताना हा मोह होणे साहजिक आहे, पण समोरचा माणूस त्याच फोटोवर विसंबून टोकन पाठवतो.

पोचा पुसताना ॲप नेमके काय करते? निवडलेला भाग काढून टाकते आणि आजूबाजूचे रंग पाहून तिथे काय असावे, याचा अंदाज रंगवते. गोची इथेच होते, कारण गाडीचा रंगवलेला पत्रा आरशासारखा असतो.

समजा, रत्नागिरीतली दहा वर्षे जुनी, गडद निळी हॅचबॅक विकायची आहे आणि घेणारा पुण्यात आहे. फोटो काढताना समोरच्या कंपाउंडच्या भिंतीची कड दोन्ही दारांवर रेघेसारखी उमटली आहे. मागच्या दाराला पोचा असेल, तर ही रेघ तिथे वाकते. पोचा पुसल्यावर ती तिथे अचानक विरते आणि पुढे थोडी खाली सरकून पुन्हा सुरू होते. दोन दारांमधली फटही तिथे धूसर होते आणि रंगातली बारीक चमक गायब होऊन गुळगुळीत ठिगळ दिसते. फोटो मोठा करून या तीन खुणा शोधा.

मात्र व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो दाबला जातो आणि हे बारकावे पुसट होतात. त्यामुळे मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. पांढऱ्या गाडीवर प्रतिबिंब फारसे दिसतच नाही. अशा वेळी सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात व्हिडिओ कॉल करा आणि कॅमेरा पत्र्याजवळून हळूहळू फिरवायला सांगा. पोच्यावर प्रतिबिंब हेलकावते.

ओरखडा पुसला, तर प्रश्न फार तर रंगाच्या खर्चाचा असतो. गंजाचे तसे नाही. दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे असतात. ती मातीने बुजली की पाणी आत साचते आणि पत्रा आतून गंजू लागतो. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत हे अधिक वेगाने होते. बाहेर रंगाला फुगा दिसतो, तोवर आतला पत्रा बराच खाल्लेला असू शकतो. तो फुगा फोटोतून पुसणे म्हणजे दोष लपवणेच. म्हणून कॉलवर दारांची खालची कड, दाराखालचा पत्रा आणि चाकांवरच्या कमानी आवर्जून पाहा. प्रत्यक्ष भेटीत कापडात गुंडाळलेले चुंबक लावा. जाड पुट्टीवर ते नीट धरत नाही. (प्लास्टिकच्या बंपरवर ते मुळातच चिकटत नाही, तिथे घाबरू नका.)

विक्रेत्याने उजेड वाढवला किंवा नंबर प्लेट झाकली, तर त्यात गैर नाही. मात्र माहीत असलेला दोष फसवण्याच्या हेतूने लपवणे ही भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७ नुसार फसवणूक ठरते. अशा वेळी खरेदीदार कलम १९ चा आधार घेऊन व्यवहार रद्द करण्याची मागणी करू शकतो. त्यासाठी पुरावा हवा. टोकन देण्याआधीच जाहिरातीचे स्क्रीनशॉट, मिळालेले फोटो आणि चॅट जपून ठेवा. गाडी विकली गेली की जाहिरात सहसा काढून टाकली जाते.