दुकान आणि गोडाऊनची अदलाबदल झालीय? रिप्लेस तीन वेळा करा

स्टॉक रजिस्टरच्या व्हिडिओत एक भाग घाईत उरकला होता, तो इथे नीट बघू.

समजा तुमच्या शीटमध्ये C कॉलम म्हणजे माल ‘कुठून’ निघाला आणि D म्हणजे ‘कुठे’ गेला. दोन्हीकडे दोनच नावं, दुकान आणि गोडाऊन. नव्या मुलाने 2 ते 41 या चाळीस ओळी उलट्या भरल्या, 42 पासून पुढे सगळं बरोबर आहे. (सगळंच रजिस्टर उलटं असतं तर दोन कॉलमची हेडिंग बदलून काम झालं असतं. पण इथे तसं चालणार नाही.)

हे तसंच सोडू नका, कारण उलटी नोंद दुप्पट फरक पाडते. गोडाऊनमध्ये 100 बॉक्स होते, त्यातले 15 दुकानात आले, तर मागे 85 राहायला हवेत. नोंद उलटी असेल तर शीट 15 वजा करायच्या ऐवजी मिळवते आणि 115 दाखवते. म्हणजे 30 बॉक्स फक्त कागदावर! त्या भरवशावर तुम्ही नवी ऑर्डर थांबवाल आणि सीझनमध्ये गिऱ्हाईक परत पाठवाल.

आता बहुतेक जण काय करतात? Ctrl+H दाबतात, ‘दुकान’च्या जागी ‘गोडाऊन’ करतात, मग ‘गोडाऊन’च्या जागी ‘दुकान’. आपल्या C कॉलममध्ये 28 वेळा दुकान आणि 12 वेळा गोडाऊन आहे असं धरा. पहिल्या रिप्लेसनंतर चाळीसही ओळींत गोडाऊन झालं. त्यातले मूळचे 12 कोणते आणि आत्ता बदललेले 28 कोणते, हे आता कॉम्प्युटरलाही सांगता येणार नाही. दुसऱ्या रिप्लेसने ते सगळेच दुकान होतात. D मध्येही तेच होतं, आणि प्रत्येक ओळ म्हणते की माल दुकानातून दुकानात गेला. असं दिसलं की लगेच Ctrl+Z करा. फाइल बंद केल्यावर एक्सेलमध्ये ती सोय राहत नाही.

उपाय घरातलाच आहे. दोन डब्यांतली साखर आणि रवा अदलाबदल करायचा तर तिसरा रिकामा डबा लागतो. इथे तो डबा म्हणजे शीटमध्ये कुठेच नसलेलं एक नाव. मी `XQX1` वापरतो. आधी शीटची एक कॉपी करून ठेवा, मग C2 ते D41 एवढाच भाग सिलेक्ट करा आणि या क्रमाने रिप्लेस करा:

```
दुकान    →  XQX1
गोडाऊन  →  दुकान
XQX1    →  गोडाऊन
```

गुगल शीट्स वापरत असाल तर Search समोर Specific range निवडा, नाहीतर पुढच्या बरोबर असलेल्या ओळीही बदलतील. आणि दोन्हीकडे `Match entire cell contents` वर टिक हवीच. ती नसेल तर ‘गोडाऊन 2’ असं वेगळं गोडाऊन असेल त्याचंही ‘दुकान 2’ होईल.

तात्पुरतं नाव म्हणून `*` किंवा `***` घेऊ नका. एक्सेलच्या शोधात `*` चा अर्थ ‘काहीही’ असा होतो, त्यामुळे तिसऱ्या पायरीला सिलेक्ट केलेले सगळे भरलेले सेल गोडाऊन होऊन बसतील.

काम बरोबर झालं का, ते मोजून बघा. रिप्लेसच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा:

```
=COUNTIF(C2:C41,"दुकान")
=COUNTIF(C2:C41,"गोडाऊन")
```

आधी 28 आणि 12 होते, नंतर 12 आणि 28 यायला हवेत. मोजणी एकट्या C कॉलमची करा. C आणि D एकत्र मोजलं तर आधीही 40-40 आणि नंतरही 40-40, त्यातून काहीच कळत नाही. आणि सुरुवातीलाच बेरीज 40 ऐवजी 39 आली, तर कुठेतरी ‘दुकान’ च्या पुढे एक स्पेस पडलीय किंवा स्पेलिंग वेगळं आहे. तो सेल रिप्लेसमधूनही सुटेल, म्हणून आधी तो दुरुस्त करा.

दर महिन्याला हेच करावं लागत असेल तर E2 मध्ये फॉर्म्युला टाका:

```
=IF(C2="दुकान","गोडाऊन",IF(C2="गोडाऊन","दुकान",C2))
```

तो F2 मध्ये आणि खाली 41 पर्यंत ओढा. इथे तिसरा डबा लागत नाही, कारण दोन्ही प्रश्न C मधल्या मूळ नावालाच विचारले जातात, बदललेल्या नावाला नाही. काही जण एकात एक दोन `SUBSTITUTE` लिहितात, पण त्यात बाहेरचा आतल्याने बदललेलं पुन्हा बदलतो, म्हणजे गाडी परत दुकान ते दुकान. उत्तर आलं की E आणि F कॉपी करून C आणि D वर Paste Special मधून Values म्हणून चिकटवा. साधं पेस्ट केलं तर फॉर्म्युलाच चिकटेल. चिकटवून झालं की E आणि F लगेच पुसा, कारण ते आता नवीन C आणि D बघून पुन्हा उलटी नावं दाखवत असतात.