दोन उंच शेजाऱ्यांमधला अरुंद भूखंड

दोन उंच इमारतींच्या मध्ये सापडलेल्या अरुंद भूखंडाचा अभ्यास करताना पहिले चित्र काढायचे ते नकाशाचे नव्हे, तर उभ्या छेदाचे. मोकळ्या प्लॉटवर जमिनीचा उतार, झाडे, दिशा, रस्ता यांतून बरेचसे कळते. इथे मात्र निर्णायक गोष्टी हद्दीच्या बाहेर उभ्या असतात: शेजारच्या भिंतींची उंची, समोरच्या इमारतीची सावली आणि दोन्हीकडच्या पायांची खोली. पुण्याच्या पेठांमध्ये जुने वाडे पाडून इमारती उभ्या राहिल्या आणि मधूनमधून एखादी लांबट, निमुळती जागा तशीच उरली. अशीच एक जागा उदाहरणादाखल घेऊ. रुंदी ५ मीटर, खोली १८ मीटर. दक्षिणेला ६ मीटरचा रस्ता आणि त्यापलीकडे १२ मीटर उंचीची इमारत. पूर्वेचा शेजारी १५ मीटर, पश्चिमेचा १२ मीटर उंच. उत्तरेला, म्हणजे मागे, एक दुमजली जुना वाडा. नवी इमारत चार मजली, साधारण १२ मीटर उंच बांधायची आहे.

सुरुवात मोजणीने होते. मालमत्ता पत्रकावर ५ मीटर लिहिलेले असले तरी ती रुंदी जागेवर मिळेलच असे नाही. रुंदी समोर, मध्ये आणि मागे अशी निदान तीन ठिकाणी मोजावी, दोन्ही कर्णही मोजावेत. कर्णांत फरक आला तर भूखंड तिरका आहे. त्यानंतर शेजारच्या भिंतींना गच्चीवरून ओळंबा सोडावा. जुन्या भिंती वर जाताना आत किंवा बाहेर झुकलेल्या असतात आणि पाच मजल्यांच्या उंचीवर चार-पाच सेंटिमीटरचा झोकही पुरेसा त्रासदायक ठरतो. शेजाऱ्याचे छज्जे, पाइप, खिडक्यांच्या जाळ्या, एसीची बाहेरची यंत्रे हद्दीवरून आत आली असतील तर त्यांची उंचीसह नोंद हवी. भूकंपात दोन इमारती एकमेकींवर आदळू नयेत म्हणून त्यांच्यात फट ठेवावी लागते. आरसीसी सांगाड्याच्या इमारतीसाठी भारतीय मानक ४३२६ मजल्यामागे २० मिलिमीटर सुचवते, म्हणजे चार मजल्यांना ८० मिलिमीटर. दोन्ही बाजूंच्या फटी आणि दोन्ही बाजूंच्या नऊ इंची भिंती वजा केल्या की ५ मीटरचे सुमारे ४.४ मीटर उरतात. जिना, खोली आणि जाण्यायेण्याची वाट हे सारे याच मापात बसवायचे असते, त्यामुळे हा आकडा पहिल्याच दिवशी कळलेला बरा.

यानंतर प्रश्न उजेडाचा. पुणे १८.५ उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य दक्षिण क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो, मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी ७१.५ अंशांवर, तर मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस अगदी डोक्यावर. ही भर दुपार घड्याळाच्या बाराला होत नाही. भारतीय प्रमाणवेळ पुण्याच्या बऱ्याच पूर्वेकडच्या रेखावृत्तावर बेतलेली असल्याने पुण्यात सूर्य माथ्यावर येतो तो ऋतूप्रमाणे सव्वाबारा ते पाऊण-एकच्या दरम्यान. जागेवर जाऊन सावल्यांचे फोटो काढणाऱ्याने हे लक्षात ठेवले नाही तर सगळ्या नोंदी अर्ध्या तासाने चुकतात.

आता छेदात हिशोब मांडू. भूखंड रिकामा असताना २१ मार्चला त्याच्या मध्यरेषेवर, जमिनीपाशी, ऊन किती वेळ पडते? सकाळचे ऊन पूर्वेची १५ मीटर उंच भिंत अडवते, दुपारनंतरचे पश्चिमेची १२ मीटर भिंत. मध्ये उरतो तो बाराच्या सुमारापासून दीडच्या थोडे आधीपर्यंतचा, म्हणजे जेमतेम एक तास वीस मिनिटांचा काळ. त्याच जागी उभे राहून आडवे पाहिले तर एका भिंतीच्या माथ्यापासून दुसरीच्या माथ्यापर्यंत आकाशाची पट्टी १८० अंशांपैकी फक्त २१ अंशांची दिसते. थेट ऊन नसताना खोलीत जो उजेड येतो तो याच पट्टीतून. बाजूच्या भिंतींना खिडक्या काढता येणार नाहीतच, त्यामुळे प्रकाशाला दारे तीन: पुढची बाजू, मागची बाजू आणि छत.

पुढच्या बाजूचा आधार वाटतो तेवढा भक्कम नाही. डिसेंबरच्या दुपारी समोरच्या १२ मीटर इमारतीची सावली रस्ता ओलांडून या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर ५.३ मीटरपर्यंत चढते. दिवसाच्या इतर वेळी ती आणखी वर जाते. म्हणजे तळमजला आणि पहिल्या मजल्याचा बराचसा भाग थंडीत उन्हाला मुकतो, दुसऱ्या मजल्यापासून मात्र दुपारचे ऊन मिळते. मागची, उत्तरेची बाजू आज सुखाची आहे. वाडा बुटका असल्याने तिथून मऊ, स्थिर उजेड येतो. पण या उजेडाचा भरवसा धरणे ही अशा जागांच्या अभ्यासातली सर्रास होणारी चूक आहे. वाडा उद्या पाडला जाईल आणि नियमांत बसेल तेवढी उंच इमारत तिथे उभी राहील. म्हणून छेद दोन काढायचे, एक आजच्या उंचीचा आणि दुसरा शेजारी कमाल परवानगीइतके वाढले तर कसे दिसेल त्याचा. रचना दुसऱ्या छेदातही टिकली पाहिजे.

मधल्या भागाचे काय? खिडकीतून येणारा उपयुक्त उजेड साधारणपणे खिडकीच्या माथ्याच्या उंचीच्या दोन ते अडीच पट अंतरापर्यंत पोहोचतो. माथा जमिनीपासून २.१ मीटरवर असेल तर फार तर ५ मीटर. पुढून पाच आणि मागून पाच मीटर धरले तरी १८ मीटर खोलीच्या घरात मधले आठ मीटर अंधारात राहतात. वाड्यांनी हा प्रश्न चौकाने सोडवला होता, पण तेव्हा चौकाभोवती दोन मजले असत. इथे ३ मीटर लांबीचा चौक चार मजल्यांतून खाली नेला तर काय होते ते त्याच कोनांवरून कळते. डिसेंबरच्या दुपारी ऊन त्यात फक्त ३.३ मीटर खाली उतरते, म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यापुरते. मार्चमध्ये ९ मीटर उतरते. तळापर्यंत ते पोहोचते मे महिन्यात, जेव्हा ते कोणालाच नको असते. हवे तेव्हा ऊन न देणारा आणि नको तेव्हा देणारा हा चौक उन्हासाठी बांधणे व्यर्थ आहे. आकाशाचा विखुरलेला उजेड खाली आणण्यासाठी मात्र तो उपयोगी पडतो, तोही भिंती फिकट रंगाच्या आणि धुता येण्यासारख्या असतील तर. इमारतीचा दक्षिणेकडचा भाग एका मजल्याने बुटका ठेवला तर हिवाळ्यातले ऊन चौकात आणखी तीन मीटर खाली उतरते. या एका निर्णयाने जेवढे साधते तेवढे काचेच्या मोठ्या खिडक्यांनी साधत नाही.

वाऱ्याबाबत अंदाजापेक्षा निरीक्षण बरे. पुण्यात पावसाळी वारे पश्चिमेकडून येतात आणि इथे पश्चिमेला भिंत आहे, तेव्हा हवा खेळेल ती रस्ता आणि मागची बाजू यांच्यामधून किंवा चौकातून वर. एका काठीला हलका दोरा बांधून तो रस्त्यावर, जागेच्या मध्यात आणि शेजारच्या गच्चीवर सकाळी नि संध्याकाळी धरला तर वारा वळतो कुठे आणि थांबतो कुठे हे सहज दिसते. याच वेळी शेजारच्या एसीची गरम हवा आणि गच्चीचे पावसाळी पाणी कुठे सुटते तेही टिपावे. ही दोन्ही पुढे चौकात येणार असतात.

जमिनीखालची तपासणी सर्वांत अधिक काळजी मागते, कारण तिथली चूक शेजाऱ्याच्या घराला तडे पाडते. पेठांमध्ये वरचा थर बहुतेकदा भरावाचा असतो: जुन्या वाड्यांच्या विटा, माती, राख. त्याखाली मुरूम आणि मग काळा बेसाल्ट खडक. भरावात बुजवलेला आड निघू शकतो. पेशव्यांच्या काळात कात्रजहून शहरात आणलेल्या पाण्याच्या भुयारी नळांचे आणि हौदांचे अवशेषही काही भागांत आहेत. म्हणून केवळ एक बोअर घेऊन भागत नाही. दोन्ही शेजाऱ्यांच्या भिंतींलगत, त्यांना विचारून, लहान चाचणी खड्डे घ्यावेत आणि त्यांचा पाया किती खोल व किती रुंद आहे ते उघडून पाहावे.

समजा, शेजाऱ्यांचे पाये १.५ मीटर खोल निघाले आणि नव्या इमारतीला चांगला मुरूम २.५ मीटरवर मिळतो आहे. भारतीय मानक १९०४ नुसार मुरुमासारख्या दाणेदार जमिनीत शेजारच्या आणि नव्या पायाच्या तळकडा जोडणारी रेषा एकास दोनपेक्षा तीव्र उताराची नसावी. एक मीटर जास्त खोल जायचे तर दोन मीटर दूर राहावे लागेल. दोन्ही बाजूंनी दोन-दोन मीटर सोडल्यावर मध्ये एकच मीटर उरतो. एवढ्या एका आकडेमोडीने तळघराचा विचार संपतो. पर्याय उरतात ते शेजाऱ्याच्याच पातळीवर सलग रॅफ्ट घालण्याचे, किंवा खांब हद्दीपासून आत घेऊन वरचे मजले दोन्हीकडे पुढे काढण्याचे. खोदाईपूर्वी शेजारच्या भिंतीवरच्या प्रत्येक तड्याचा तारखेसह फोटो घ्यावा आणि तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी प्लॅस्टरने बसवावी. काम सुरू असताना काच फुटली तर भिंत हलते आहे हे निश्चित होते आणि खोदाई तिथेच थांबवावी लागते. खोदाईसुद्धा सलग न करता एक आड एक अशा लहान तुकड्यांत करायची.

कायद्याची बाजूही इथे प्रत्यक्ष मापांत उतरते. शेजारच्या भिंतीत हद्दीवर खिडक्या असतील तर त्या किती वर्षांच्या आहेत हे पाहावे लागते. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ प्रमाणे २० वर्षे हक्काने आणि विनाअडथळा उपभोगलेला उजेड व हवा यांवर हक्क निर्माण होतो. अशा खिडकीसमोर भिंत बांधून खोलीचा उजेड लक्षणीय घटवला तर दावा होऊ शकतो. त्यामुळे नकाशावर या खिडक्या वर्षासह दाखवाव्यात आणि शक्य तर चौक त्यांच्यासमोरच आणावा. भिंत सामाईक आहे की दोघांच्या स्वतंत्र आहेत, हेही याच टप्प्यावर कागदपत्रांतून आणि प्रत्यक्ष उघडून ठरवावे. सामाईक भिंत एकट्याने पाडता येत नाही.

शेवटची पाहणी रस्त्याची. ६ मीटरच्या रस्त्यावर दुचाक्या लागल्या की ट्रकला वळायला जागा राहत नाही. काँक्रीट आणायचे कसे, राडारोडा टाकायचा कुठे, क्रेन उभी राहणार का, यावर सांगाड्याचा प्रकार ठरू शकतो. लांब पोलादी तुळया आत येत नसतील तर त्या कागदावर दाखवून उपयोग नाही. मग सगळ्या नोंदी एकाच छेदावर आणायच्या. या उदाहरणात त्या छेदावरून इतके ठरते: तळमजल्यावर पुढे दुकान किंवा वाहने, मधल्या आठ मीटरमध्ये जिना, न्हाणीघरे आणि चौक, बसण्याउठण्याच्या खोल्या दुसऱ्या मजल्यापासून वर दक्षिणेला, आणि मागच्या खोल्या अशा की वाड्याच्या जागी इमारत आली तरी चौकाकडून त्यांना उजेड मिळेल.